दोन हजार बाकी ठेवले, व्याज लागलं दोन हजार एकोणऐंशी. कार्डाचे बिनव्याजी दिवस गेले कुठे?

सायकलस्वार_नाशिक · १७ जून, रात्री ९:४०

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय. गणितात मी कच्चा नाही, पण हे बिल काही पटत नाहीये.

माझ्या कार्डाचं स्टेटमेंट दर १५ तारखेला निघतं. १५ मेचं बिल होतं ४२,००० रुपये. त्यात दोनच खरेद्या: २० एप्रिलला घेतलेलं वॉशिंग मशीन ३०,००० आणि ५ मेला मुलीच्या क्लासची फी १२,०००. ड्यू डेट ४ जून. त्या दिवशी खात्यात चाळीसच्या आसपास होते, म्हणून मी सरळ ४०,००० भरले. म्हटलं, उरलेले दोन हजार पुढच्या बिलात देऊ, त्यावर काय लागतील ते सत्तर रुपये व्याज लागेल. महिना साडेतीन टक्के दर आहे, दोन हजारावर सत्तर. बरोबर?

१० जूनला मोटरसायकलचे टायर आणि सर्व्हिसिंग मिळून १५,००० कार्डावर गेले. आणि १५ जूनच्या बिलात ही ओळ:

फायनान्स चार्जेस २,०७९.२९
जीएसटी ३७४.२७

बाकी दोन हजार, व्याज दोन हजार एकोणऐंशी. मुद्दलापेक्षा व्याज जास्त, तेही अकरा दिवसांत! कस्टमर केअरला फोन केला तर पोरगी म्हणाली, "सर, सिस्टिम जनरेटेड आहे." कार्ड घेताना मात्र "पन्नास दिवस बिनव्याजी" असं दहा वेळा सांगितलं होतं. ते पन्नास दिवस कुठे गेले?

---

बडबड्या · १७ जून, रात्री ९:५२

शंभर टक्क्यांच्या वर व्याज! सावकार निदान घरी येऊन दम देतो, त्याच्या पेट्रोलचे तरी पैसे सुटतात. यांना तोही खर्च नाही.

---

मुद्देसूद · १७ जून, रात्री १०:१५

काहीतरी चूक आहे, तक्रार करा. मिनिमम ड्यू भरला की दंड लागत नाही. मी स्वतः दोन वेळा फक्त मिनिमम भरलाय. लेट फी शून्य, सिबिललाही धक्का नाही. तुम्ही तर मिनिममच्या कितीतरी पट भरलेत.

---

सायकलस्वार_नाशिक · १७ जून, रात्री १०:२१

@मुद्देसूद, मिनिमम होता २,१००. मी भरले ४०,०००. लेट फी खरंच लागलेली नाही. जे लागलंय ते "फायनान्स चार्जेस" या नावाने.

---

निवृत्त_रोखपाल · १७ जून, रात्री ११:०५

मुद्देसूद अर्धं बरोबर सांगतायत. मिनिमम भरल्याने लेट फी टळते आणि खातं थकीत म्हणून कळवलं जात नाही. व्याजाचा हिशेब वेगळ्या खिडकीवर चालतो. त्या खिडकीवर एकच प्रश्न विचारतात: मागच्या बिलाची *पूर्ण* रक्कम ड्यू डेटपर्यंत आली का? आली असेल तर त्या बिलातल्या सगळ्या खरेद्यांना व्याज माफ. एक रुपयाही कमी आला असेल तर माफी मागे घेतली जाते, आणि ती अख्ख्या बिलाची.

"मागे घेतली जाते" हे शब्द लक्षात घ्या. लोकांना वाटतं, ड्यू डेटपर्यंत बिनव्याजी आणि पुढे व्याज सुरू. तसं नसतं. मीटर खरेदीच्या दिवसापासूनच चालू असतो. पूर्ण भरलंत की बँक ते रीडिंग पुसते. नाही भरलंत तर ते रीडिंग पुढच्या बिलात येतं.

आता तुमचंच बिल घेऊ. आम्ही शाखेत पूर्वी हातानं व्याज काढायचो तेव्हा "प्रॉडक्ट" काढायचो, म्हणजे रक्कम गुणिले दिवस. मग सगळ्या प्रॉडक्टची बेरीज आणि त्यावर एकदाच दर. इथेही तेच आहे.

वॉशिंग मशीनचे ३०,००० तुमच्याकडे २० एप्रिल ते ४ जून राहिले, ४५ दिवस. प्रॉडक्ट १३,५०,०००.
क्लासचे १२,००० हे ५ मे ते ४ जून, ३० दिवस. ३,६०,०००.
बाकी राहिलेले २,००० हे ४ जून ते १५ जून, ११ दिवस. २२,०००.
टायरचे १५,००० हे १० ते १५ जून, ५ दिवस. ७५,०००.

एकूण १८,०७,०००. तुमचा दर महिना साडेतीन, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. १८,०७,००० गुणिले ०.४२ भागिले ३६५. कॅल्क्युलेटर काढा.

---

सायकलस्वार_नाशिक · १७ जून, रात्री ११:१८

२,०७९.२९.

पैशापर्यंत जुळलं. काका, आता जास्तच राग येतोय.

---

निवृत्त_रोखपाल · १७ जून, रात्री ११:३१

राग साहजिक आहे, पण तो कुठल्या ओळीवर काढायचा ते बघा. ज्या दोन हजारांवरून हे सगळं घडलं, त्यांचं व्याज या बिलात जेमतेम २५ रुपये आहे. टायरवरचं ८६. उरलेले १,९६८ रुपये वॉशिंग मशीन आणि क्लासचे आहेत, म्हणजे जे पैसे तुम्ही जवळजवळ सगळे वेळेवर फेडलेत त्यांचे. तुम्ही सत्तर रुपये धरलेत ते बाकीवरचं व्याज म्हणून. इथे भरलंय ते माफी गेल्याचं बिल.

आणि टायरची ओळ बघा. १० जूनची खरेदी, तिचं बिल निघायच्या आधीच तिच्यावर पाच दिवसांचं व्याज. मागची बाकी शिल्लक असताना नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. ज्या दिवशी कार्ड घासलं त्या दिवसापासून व्याज. ही गोष्ट नव्वद टक्के लोकांना माहीत नसते.

---

बडबड्या · १७ जून, रात्री ११:३४

नव्वद टक्के हा आकडा कुठल्या प्रॉडक्टमधून काढलात काका? ;)

---

निवृत्त_रोखपाल · १७ जून, रात्री ११:३६

काउंटरच्या आतल्या बाजूला बसून.

---

अनया_ठाणे · १८ जून, सकाळी ८:१०

काकांचं गणित कळलं, न्याय कळला नाही. चाळीस हजार तर वेळेत भरले ना? मग त्या चाळीस हजारांवर एप्रिलपासून व्याज का? बाकी दोन हजारांची आहे, शिक्षा दोन हजारांवर करा. ती दोन हजारांची खरेदी ज्या दिवशीची असेल त्या दिवसापासून हवं तर लावा.

अवांतर: आमच्याकडे ऑटोपे लावलंय. वर्ष झालं, बिल उघडूनसुद्धा बघत नाही. सुखी माणसाचा सदरा.

---

कोकणकडा · १८ जून, सकाळी ९:२५

माझंही असंच झालं होतं! मी गणपतीत गावी गेलो होतो, तिथे गुगल पे चालेना, रेंज नव्हती. म्हणून कार्डाने एटीएममधून ८,००० काढले. बिल आल्यावर ड्यू डेटच्या आधी पूर्ण भरलं, एक पैसा बाकी नाही. तरीही व्याज लावलं आणि वर पाचशे रुपये वेगळेच. म्हणजे पूर्ण भरलं तरी व्याज लागतंच. काकांचा नियम माझ्या बाबतीत तरी लागू पडला नाही.

---

निवृत्त_रोखपाल · १८ जून, सकाळी ९:५०

@कोकणकडा, तुमची केस वेगळी आहे. बिनव्याजी मुदत फक्त खरेदीला असते. रोख काढली की ती पहिल्या दिवसापासून कर्ज, माफीचा प्रश्नच नाही. पाचशे ही रोख काढण्याची फी. गणपतीत पुढच्या वेळी डेबिट कार्ड न्या.

---

कलम_आणि_पोटकलम · १८ जून, दुपारी १:४०

अनयाताईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यावर खरा वाद आहे.

रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबतचे निर्देश आहेत. त्यात दोन गोष्टी आहेत. एक: मागच्या महिन्याची कुठलीही बाकी राहिली तर बिनव्याजी मुदत स्थगित होते, हे बँकेने अटींच्या पत्रकात स्पष्ट सांगायचं आणि उदाहरणं सोडवून दाखवायची. म्हणजे मुदत जाणं नियमाला धरूनच आहे, तिथे सायकलस्वारांची तक्रार टिकणार नाही. दुसरी: उशिराचे आणि त्याला जोडून येणारे आकार ड्यू डेटनंतर *उरलेल्या* रकमेवरच लावायचे, एकूण बिलावर नाही.

माझं म्हणणं असं, की दुसऱ्या गोष्टीतलं तत्त्व व्याजालाही लागू व्हायला हवं. मुदत गेली, मान्य. पण ती उरलेल्या दोन हजारांची जावी. आधी जुनी खरेदी फिटली असं धरा, मग उरलेले दोन हजार क्लासच्या फीमधले. ५ मे ते १५ जून, ४१ दिवस. त्याचं व्याज ९४ रुपये. टायरचे ८६ मिळवा. झाले १८१. बँकेने लावले २,०७९.

१८१ आणि २,०७९ मध्ये जो फरक आहे तो एका शब्दाच्या अर्थाचा आहे.

---

निवृत्त_रोखपाल · १८ जून, दुपारी २:१५

वकीलसाहेब, ते वाक्य लेट फी आणि तशा आकारांचं आहे. व्याज हा आकार नव्हे, व्याज हे व्याज आहे. पेमेंट होईपर्यंत पूर्ण रकमेवर आणि पेमेंटनंतर उरलेल्यावर, ही पद्धत मी तरी कित्येक बँकांच्या पत्रकांत सोडवलेली पाहिलीये.

---

कलम_आणि_पोटकलम · १८ जून, दुपारी २:२८

साहेब नाही, बाई आहे. आणि पत्रकात छापलं म्हणून बरोबर ठरत नाही, एवढंच.

---

निवृत्त_रोखपाल · १८ जून, दुपारी २:३०

क्षमस्व बाई. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र क्षमा मागत नाही.

---

एडिसनचा_पाहुणा · १८ जून, दुपारी ३:०५ (इथे पहाट, झोप येत नाहीये)

न्यू जर्सीतून लिहितोय. अनयाताई म्हणतात तसा नियम इथे खरोखर आहे. २००९ च्या कार्ड अ‍ॅक्टनंतर, ग्रेसच्या मुदतीत जेवढा भाग फेडला तेवढ्यावर, "मुदत गेली" या कारणाने व्याज लावता येत नाही. मागच्या आधीच्या सायकलमध्ये शिरून व्याज काढण्यावरही बंदी आहे. त्याआधी इथेही हाच प्रकार चालायचा.

पण पुढचा भाग इथेही तसाच. बाकी ठेवलीत की नवीन खरेदीला ग्रेस नाही. माझ्या बायकोने एकदा सत्तावीस डॉलर बाकी ठेवले होते, आणि मग महिनाभर किराणा व्याजावर खाल्ला.

---

बडबड्या · १८ जून, दुपारी ३:१२

आमच्या वाण्याच्या वहीत तीस वर्षं उधारी होती. वडील दर पाच तारखेला जायचे, "थोडे राहू देत" म्हणून येताना वर गूळ घेऊन यायचे. वाण्याने कधी मागच्या महिन्याच्या तांदळाला व्याज लावलं नाही.

---

मुद्देसूद · १८ जून, दुपारी ३:३०

वाणी तांदळाच्या भावातच लावायचा, तुम्हाला कळलं नाही.

असो. माझ्या दोन वेळच्या मिनिममची बिलं आत्ता काढून बघितली. व्याज लागलेलं आहे. "फायनान्स चार्जेस"ला मी वार्षिक फी समजत होतो. पुढे काही लिहीत नाही.

---

शुभदा_केळकर_नव्हे · १८ जून, संध्याकाळी ६:४५

माझा प्रसंग थोडा निराळा आहे पण याच वळणाचा. ११,४०० चं बिल होतं. त्यातला २,९०० चा ड्रेस मी परत केला होता, त्याचा रिफंड स्टेटमेंट निघाल्यावर चार दिवसांनी कार्डावर जमा झाला. मी शहाणपणाने ११,४०० वजा २,९०० करून ८,५०० भरले. अ‍ॅपमध्ये शिल्लकही बरोबर दिसत होती. पुढच्या बिलात व्याज! बँक म्हणाली, रिफंड म्हणजे पेमेंट नव्हे, स्टेटमेंटवरचा आकडा पूर्ण यायला हवा होता.

---

कलम_आणि_पोटकलम · १८ जून, रात्री ८:२०

इथे तुमची बाजू भक्कम आहे. त्याच निर्देशांत आहे, की ड्यू डेटच्या आधी रिफंड आला आणि तुम्ही तोवर भरलेलं नसेल, तर बँकेने तो लगेच देय रकमेतून वजा करायचा आणि तुम्हाला तसं कळवायचं. रिफंडची तारीख आणि ड्यू डेट दोन्ही दिसतील अशी स्टेटमेंटची पानं जोडून लेखी तक्रार करा. फोनवर बोलू नका. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं.

---

निवृत्त_रोखपाल · १८ जून, रात्री ८:४१

या मुद्द्यावर बाईंना पूर्ण अनुमोदन. तरीही माझा व्यवहारी सल्ला: रिफंड येवो न येवो, स्टेटमेंटवर छापलेला आकडा भरून टाकावा. जास्तीचे पैसे कार्डावर जमा राहतात, पुढच्या खरेदीत जिरतात. हक्कासाठी भांडायला वेळ असेल तर जरूर भांडा.

---

परभणीकर · १८ जून, रात्री ९:३०

ड्यू डेटनंतर तीन दिवस चालतं ना? मी नेहमी तिसऱ्या दिवशी भरतो. तसा आरबीआयचाच नियम आहे.

---

निवृत्त_रोखपाल · १८ जून, रात्री ९:४८

ते तीन दिवस लेट फीसाठी आणि खातं थकीत म्हणून कळवण्यासाठी आहेत. बिनव्याजी मुदत त्या तीन दिवसांत टिकेल असं त्यात म्हटलेलं नाही. काही बँका टिकवतात. तुमची टिकवते का, हे तुमच्याच बिलात "फायनान्स चार्जेस" शोधून कळेल.

---

परभणीकर · १८ जून, रात्री ९:५५

शोधले. नाहीत. चालू द्या.

---

सायकलस्वार_नाशिक · १८ जून, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. आता मुद्द्याचं सांगा, करू काय? १५ जूनचं बिल १९,४५३.५६ आहे, ड्यू डेट ५ जुलै. ड्यू डेटला पूर्ण भरलं की सगळं पूर्ववत ना?

---

निवृत्त_रोखपाल · १८ जून, रात्री १०:५२

इथेच दुसरी ठेच लागते, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्याची मुदत शाबूत आहे त्याने ड्यू डेटच्या दिवशी भरावं, आधी भरून काही फायदा नाही. तुमची मुदत गेलेली आहे. तुमच्या १७,००० वर आज, उद्या, परवा, रोज मीटर चालू आहे. दिवसाला साधारण साडेएकोणीस रुपये, वर जीएसटी. तुमच्यासाठी ५ जुलै ही शेवटची तारीख आहे, योग्य तारीख नव्हे. जेवढ्या लवकर भराल तेवढे दिवस वाचतील. पूर्ण जमत नसेल तर असतील तेवढे आज भरा, उरलेले नंतर. प्रॉडक्ट आठवा, रक्कम कमी झाली की पुढचे सगळे प्रॉडक्ट कमी होतात.

तोवर हे कार्ड वापरू नका. दुसरं कार्ड असेल आणि त्याचं बिल पूर्ण भरलेलं असेल तर त्यावर घ्या, त्याची मुदत स्वतंत्र आहे. नसेल तर यूपीआय.

आणि हे नीट वाचा. ५ जुलैच्या आधी पूर्ण भरलंत तरी १५ जुलैच्या बिलात थोडं व्याज येणार. १५ जूनला बिल छापलं तेव्हा त्या दिवसापर्यंतचंच व्याज धरलं होतं. १५ जूनपासून तुम्ही भरेपर्यंतच्या दिवसांचं अजून लागायचं आहे. ते आलं म्हणून चिडून सोडून देऊ नका. शेपटाकडचे हे दोन-चारशे रुपये बाकी ठेवले, तर ती "मागच्या बिलाची बाकी" होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

---

अनया_ठाणे · १८ जून, रात्री ११:०२

म्हणजे सापशिडी. अठ्ठ्याण्णवला साप.

---

पुण्याचा_नाही_पण · १९ जून, सकाळी ७:१५

सगळा दोष बेचाळीस टक्क्यांचा आहे. पूर्वी तीस टक्क्यांची मर्यादा होती, ती कोर्टाने काढली.

---

कलम_आणि_पोटकलम · १९ जून, सकाळी १०:०५

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं, की वेळेत पूर्ण न भरणाऱ्या ग्राहकाकडून तीस टक्क्यांवर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. पण इथे तीस टक्के धरून गणित करून बघा: १८,०७,००० गुणिले ०.३० भागिले ३६५, म्हणजे १,४८५ रुपये. दर उतरूनही दोन हजारांच्या बाकीला दीड हजार व्याज. दुखणं दरात कमी आहे, दिवस कुठून मोजायचे यात जास्त आहे.

---

बडबड्या · १९ जून, सकाळी १०:११

बाई, तुम्ही माझ्या बाजूने का नाही बसत? मी नुसता बडबडतो, तुम्ही आकड्यांनी मारता.

---

सायकलस्वार_नाशिक · १६ जुलै, रात्री ८:३०

धागा वर काढतोय. पगार १ जुलैला झाला, त्याच सकाळी १९,४५३.५६ पूर्ण भरले. कार्ड १० जूननंतर कपाटात. कालचं बिल: फायनान्स चार्जेस ३१२.९९, जीएसटी ५६.३४. एकूण ३६९.३३.

काकांनी सांगितलं नसतं तर मी बँकेत जाऊन आरडाओरडा केला असता. बायकोने केला. तिला प्रॉडक्ट समजावून सांगितला: १७,००० गुणिले १६ दिवस. ती म्हणाली, "हे चाळीस हजार भरताना समजलं असतं तर बरं झालं असतं." गप्प बसलो. ३६९.३३ कालच भरले.

जूनच्या २,०७९ बद्दल लेखी तक्रारही केली होती, बाईंचं १८१ चं गणित जोडून. उत्तरात त्यांनी अटींच्या पत्रकाचं पान पाठवलं. त्यातलं सोडवलेलं उदाहरण अगदी काकांच्या पद्धतीचं आहे.

---

कलम_आणि_पोटकलम · १६ जुलै, रात्री ९:१०

मग लोकपालाकडे जा ना. पानच हातात आहे आता.

---

सायकलस्वार_नाशिक · १६ जुलै, रात्री ९:२२

विचार करतोय. खरं सांगू का, ते पान कार्ड आलं तेव्हाच्या पाकिटातही होतं. आज शोधलं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

---

कोकणकडा · १७ जुलै, दुपारी १२:००

पण मग एटीएमच्या पाचशे रुपयांचं काय?

---

सायकलस्वार_नाशिक · १६ ऑगस्ट, सकाळी ९:०५

१८ जुलैला मुद्दाम ६२० रुपयांची सायकलची ट्यूब घेतली, कार्डावर. कालच्या बिलात ट्यूब ६२०, व्याज शून्य. ड्यू डेट ४ सप्टेंबर. बिनव्याजी दिवस मोजले, ४८.

---

निवृत्त_रोखपाल · १६ ऑगस्ट, सकाळी ९:४०

छान. १६ जुलैला घेतली असतीत तर पन्नास मिळाले असते, आणि १५ ऑगस्टला घेतली असतीत तर वीसच. जाहिरातीतले पन्नास ते हेच.

---

अनया_ठाणे · १६ ऑगस्ट, रात्री १०:५०

मी जूनमध्ये इथे ऑटोपेची फुशारकी मारली होती. हा धागा वर आला म्हणून आज पहिल्यांदा सेटिंग उघडून बघितलं. दोन पर्याय असतात, "टोटल ड्यू" आणि "मिनिमम ड्यू". ह्यांनी लावताना कुठला निवडला ते दिसतंय समोर. बारा महिन्यांची स्टेटमेंट डाउनलोड करतेय. काका, जागे आहात का?